केमिकल प्रदर्शनातून लोटे-महाडच्या कंपनीपर्यंत: बायोडाटा वाटण्याआधी काय करायचं

गोरेगावच्या नेस्कोत केमिकल किंवा फार्माचं प्रदर्शन लागलं की पहिल्या दिवशीच स्टॉलच्या काउंटरखाली बायोडाट्यांचा गठ्ठा जमायला लागतो. त्यातले बरेच खेड, चिपळूण, महाड, रोह्याकडचे असतात. शेवटच्या संध्याकाळी स्टॉल आवरताना उरलेली ब्रोशर खोक्यात भरून परत जातात. बायोडाटे जातातच असं नाही. मी काही वर्षं लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या क्यूसीत म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात होतो, आणि कंपनीने स्टॉल घेतला की टेक्निकल प्रश्नांची उत्तरं द्यायला मला उभं करायचे. त्यामुळे तो गठ्ठा मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेला आहे.

मुलं चुकतात ती एकाच ठिकाणी. प्रदर्शनात जाऊन ती नोकरी मागतात. स्टॉलवर उभा असलेला माणूस मार्केटिंगचा असतो. त्याला माल विकायचा असतो, भरतीचा अधिकार त्याला नसतो. त्याच्याकडून मिळण्यासारखी वस्तू वेगळीच असते: प्लँटमधल्या नेमक्या माणसाचं नाव, आणि तिथे माणसं कधी लागणार याचा अंदाज. या दोन गोष्टी घेऊन परत यायचं आणि अर्ज करायचा तो लोट्यात.

खालचे टप्पे मी एका उदाहरणाला धरून लिहितो. चिपळूणची एक मुलगी समजा. बीएस्सी केमिस्ट्री, एका छोट्या युनिटच्या क्यूसीत एक वर्ष ट्रेनी, आता एपीआय म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या कंपनीत जायचंय. प्रॉडक्शन किंवा सेफ्टीत जायचं असेल तरी क्रम हाच, फक्त भेटायची माणसं बदलतील.

टप्पा १: विभाग आणि वसाहत ठरवा

“केमिकल कंपनीत कुठेही चालेल” हे वाक्य स्टॉलवर बोललात की पुढचं संभाषण संपतं. लोट्यात एकाच रस्त्यावर कीटकनाशकं, रंगांची इंटरमिजिएट्स, एपीआय आणि स्पेशालिटी केमिकल्स बनतात. कीटकनाशकाच्या क्यूसीत गॅस क्रोमॅटोग्राफीचं काम जास्त असू शकतं. एपीआयच्या क्यूसीत दिवस एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर आणि फार्माकोपिआच्या मोनोग्राफप्रमाणे टेस्टिंग करण्यात जातो, आणि प्रत्येक नोंद ऑडिटला दाखवता यावी लागते. एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी पूर्ण धरत नाहीत.

म्हणून एक ओळ लिहा. आपल्या मुलीची ओळ अशी: “एपीआय कंपनी, क्यूसी, लोटे किंवा महाड, एक वर्षाचा अनुभव, शिफ्ट चालेल.” पुढचं सगळं या ओळीवर चालणार आहे.

*तपासा:* ती ओळ वाचून एखाद्या क्यूसीवाल्याला तुम्हाला कोणत्या टेबलावर बसवायचं हे कळतं का? कळत नसेल तर ओळ अजून ढोबळ आहे.

टप्पा २: कुणाला माणसं लागणार आहेत ते कागदावरून शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि खरा फरक इथेच पडतो.

सिंथेटिक ऑरगॅनिक केमिकल, बल्क ड्रग, डाय इंटरमिजिएट यांचा नवा प्लँट किंवा वाढीव उत्पादन करायचं तर २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. या प्रकल्पांचा वर्ग `5(f)`. अर्ज आणि मंजुरीपत्रं केंद्राच्या `parivesh.nic.in` या पोर्टलवर असतात. तिथे महाराष्ट्र, मग रत्नागिरी किंवा रायगड, आणि `5(f)` असा शोध घ्या. औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना बहुतेकदा जनसुनावणी लागत नाही, त्यामुळे गावात चर्चा होत नाही. शेजारच्या प्लॉटवर काय येतंय ते कागद उघडणाऱ्यालाच कळतं.

फाइल उघडली की पानंच्या पानं दिसतील. घाबरू नका, तुम्हाला फक्त तीन गोष्टी बघायच्या आहेत. सध्याची आणि प्रस्तावित उत्पादनं एका तक्त्यात दिलेली असतात, त्यावरून कंपनी तुमच्या ओळीत बसते का ते कळतं. प्रकल्प चालू झाल्यावर किती मनुष्यबळ लागेल हा आकडा असतो. आणि तारीख असते.

तारखेचा अर्थ नीट लावा. मंजुरी मिळाली म्हणजे जागा निघाल्या असं नाही. त्यानंतर बांधकाम होतं, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ‘कन्सेंट टू ऑपरेट’ मिळतं आणि मगच उत्पादन सुरू होतं. मधे एक वर्ष जाईल किंवा चारही जातील. काही प्रकल्प कागदावरच राहतात. क्यूसीची माणसं मात्र उत्पादनाच्या आधी लागतात, कारण लॅबची यंत्रं बसवून क्वालिफाय करायची असतात आणि टेस्ट मेथड तयार ठेवायच्या असतात. तेव्हा पर्यावरण मंजुरी मिळून गेलीय, ‘ऑपरेट’ अजून मिळालेलं नाही आणि बांधकाम उभं राहतंय, अशी कंपनी तुमच्या यादीत सगळ्यात वर.

बांधकाम खरंच चालू आहे का? कोकणातल्या माणसाला याचं उत्तर मिळवायला मुंबई लागत नाही. परशुराम घाट चढून वसाहतीत एक चक्कर मारा. स्टीलचं स्ट्रक्चर उभं आहे का, रिअ‍ॅक्टर क्रेनने चढवतायत का, की प्लॉटवर नुसतं गवत आहे, हे रस्त्यावरूनच दिसतं. गेटवर थांबून फोटो मात्र काढू नका. वॉचमनला ते आवडत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

*तपासा:* प्रदर्शनाच्या महिनाभर आधी तुमच्याकडे चार-पाच कंपन्यांची यादी हवी. प्रत्येकीपुढे उत्पादन, मंजुरीचं वर्ष आणि डोळ्यांनी पाहिलेली स्थिती लिहिलेली हवी.

टप्पा ३: संघटना दोन प्रकारच्या असतात, त्यांची गल्लत करू नका

एक प्रकार कंपन्यांच्या संघटनांचा. १९३८ साली स्थापन झालेली इंडियन केमिकल काउन्सिल, रसायनांच्या निर्यातदारांची केमेक्सिल, औषध उत्पादकांची आयडीएमए या अशा. आपल्याकडे महाड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, रोहा इंडस्ट्रीज असोसिएशन, आणि लोट्यातली उद्योजकांची संघटना. इथे सभासद कंपनी असते. “मला मेंबर व्हायचंय” म्हणून फ्रेशरने फॉर्म मागण्यात अर्थ नाही. तिथून घ्यायची ती सभासदांची यादी आणि कार्यक्रमांची माहिती.

दुसरा प्रकार व्यक्तींच्या संघटनांचा. केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स आहे. तिचं मुंबईतही केंद्र आहे, विद्यार्थी सभासदत्व मिळतं, आणि ‘केमकॉन’ हे तिचं वार्षिक अधिवेशन साधारण डिसेंबरच्या अखेरीस वेगवेगळ्या शहरांत भरतं. बीई-बीटेक करत असाल तर शिकत असतानाच सभासद व्हा. आपल्या बीएस्सीवाल्या मुलीने मात्र त्या पैशात मुंबईची फेरी करावी, असं माझं मत.

तिच्या कामाची संघटना म्हणजे वसाहतीतली स्थानिक संघटना. तिच्या दारातून आत जायची वाट म्हणजे सेफ्टीचे कार्यक्रम. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, आणि त्या आठवड्यात कारखान्यांत आणि वसाहतींत व्याख्यानं, स्पर्धा, मॉक ड्रिल होतात. ४ डिसेंबरला रासायनिक अपघात प्रतिबंध दिनाचे कार्यक्रम असतात. अशा वेळी सेफ्टी ऑफिसर, वर्क्स मॅनेजर, एचआरवाले एका छताखाली सापडतात, आणि त्या दिवशी कुणालाही काही विकायचं नसतं. बाहेरच्यांना सरसकट प्रवेश नसतो. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाचं पत्र घेऊन चार-पाच जणांनी संघटनेच्या कार्यालयात आधी भेटावं. तिथे बसणारे कार्यालयीन सचिव किंवा क्लार्क हे फार मोलाचे लोक. कोणत्या कंपनीत नवा क्यूसी हेड आला, कुणाची कॅन्टीन वाढली, हे त्यांना माहीत असतं.

*सावधान:* तिथे पहिल्या भेटीत बायोडाटा काढू नका. कार्यक्रम कधी आहे एवढंच विचारा, आणि त्या दिवशी पाच मिनिटं आधी पोचा.

टप्पा ४: कोणत्या प्रदर्शनाला जायचं

केमएक्स्पो इंडिया आणि केमटेक ही मुंबईत भरणारी केमिकलची प्रदर्शनं. अ‍ॅनालिटिका लॅब इंडिया हे लॅबच्या यंत्रांचं, हैदराबाद आणि मुंबईत भरत आलेलं. सीपीएचआय-पीएमईसी हे फार्माचं सगळ्यात मोठं, पण ते अलीकडे ग्रेटर नोइडात भरतं. तीन-चार वर्षांचा अनुभव असेल तर नोइडाचा विचार करा. फ्रेशरला ते खर्चाचं आहे, आणि तिथल्या गर्दीत लोट्याचा माणूस शोधणं कठीण. तारखा आणि जागा दर वेळी आयोजकांच्या स्वतःच्या साइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टरवर नको.

क्यूसीवाल्यांनी लॅबच्या यंत्रांचं प्रदर्शन टाळू नये, हे मुद्दाम सांगतो. “तिथे कंपन्या नसतात, नुसते मशीनवाले असतात” म्हणून मुलं जात नाहीत. मशीनवाले का महत्त्वाचे ते पुढच्या टप्प्यात येईल.

नोंदणी ऑनलाइन आधीच करा. व्यापारी भेट देणाऱ्यांना आधी नोंदणी केली तर प्रवेश बऱ्याचदा मोफत असतो, दारावर नोंदणी केली तर पैसे पडू शकतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियम असतील तर ते नीट वाचा. नोकरी करत असाल तर बॅजवर सध्याच्या कंपनीचं नाव छापून येईल, आणि तुमच्याच कंपनीचे साहेब समोरच्या गल्लीतून येतील. रजा कशासाठी घेतली ते आधी ठरवून ठेवा. आपल्या मुलीने सरळ सांगितलं, “नवीन एचपीएलसी बघायला जातेय.” ते खोटंही नव्हतं.

टप्पा ५: स्टॉलच्या यादीचे तीन गठ्ठे करा

प्रदर्शकांची यादी आणि हॉलचा नकाशा आयोजक काही दिवस आधी साइटवर किंवा अ‍ॅपवर टाकतात. तो छापून घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा.

पहिला गठ्ठा उत्पादक कंपन्यांचा. टप्पा २ मधली तुमची यादी इथे ताडून बघा. नावाची एक अडचण येते. यादीत पत्ता अंधेरी किंवा लोअर परळचा दिसतो, कारण ते हेड ऑफिस. प्लँट कुठे आहे हे वेबसाइटवर किंवा ब्रोशरच्या शेवटच्या पानावर ‘वर्क्स’ म्हणून बारीक अक्षरात असतं. “एमआयडीसी लोटे परशुराम, ता. खेड” ही ओळ सापडेपर्यंत कंपनीला यादीत घेऊ नका. प्लँटच्या पातळीवरची भरती बहुतेक ठिकाणी प्लँटचा एचआर आणि विभागप्रमुखच करतात, मुंबई ऑफिस फक्त शिक्का मारतं.

दुसरा गठ्ठा यंत्र विकणाऱ्यांचा: एचपीएलसी, जीसी, कार्ल फिशर, कॉलम, रेफरन्स स्टँडर्ड. हा गठ्ठा माझ्या मते पहिल्यापेक्षा कामाचा. एखाद्या प्लँटने दोन नवे एचपीएलसी घेतले तर ते चालवायला माणसं लागणार, हे एचआरच्या आधी विक्रेत्याला कळतं. यंत्र बसवायला आणि क्वालिफिकेशनला त्याचाच सर्व्हिस इंजिनिअर जातो. महिन्यातून काही वेळा तो लोटे, महाड, रोहा अशी फेरी करतो आणि प्रत्येक लॅबमधल्या क्यूसी हेडला नावाने ओळखतो.

तिसरा गठ्ठा सेवा देणाऱ्यांचा: सांडपाणी प्रक्रिया, सेफ्टी, व्हॅलिडेशन, बाहेरच्या टेस्टिंग लॅब. क्यूसीसाठी यातल्या टेस्टिंग लॅबच तेवढ्या बघा.

एका दिवसात नीट बोलून दहा-बारा स्टॉल होतात. आपल्या मुलीने चार उत्पादक, सहा यंत्रवाले आणि दोन लॅब निवडल्या.

*तपासा:* प्रत्येक स्टॉलपुढे एक प्रश्न लिहिलेला आहे का? “जागा आहे का” हा प्रश्न धरायचा नाही.

टप्पा ६: सोबत काय न्यायचं

बायोडाटा एक पान. वरती टप्पा १ ची ओळ. खाली “एचपीएलसी येतं” असं मोघम न लिहिता यंत्र कोणत्या मेकचं, सॉफ्टवेअर कोणतं आणि त्यावर केलं काय ते लिहा. सॉफ्टवेअर म्हणजे एम्पॉवर, लॅबसोल्युशन्स, ओपनलॅब, क्रोमेलिऑन यांपैकी जे असेल ते. काम म्हणजे अ‍ॅसे केला, रिलेटेड सबस्टन्सेस केले, की नुसती मोबाइल फेज बनवून दिली. मोबाइल फेजच बनवली असेल तर तसंच लिहा. मुलाखतीत दोन प्रश्नांत ते कळतंच. पाच-सहा प्रती पुरेत, त्या फोल्डरमध्ये राहू द्या. जुन्या कंपनीचा कुठलाही रेकॉर्ड, क्रोमॅटोग्राम किंवा एसओपीचा फोटो फोनमध्ये दाखवू नका. जो आज जुन्या कंपनीचा कागद दाखवतो तो उद्या आमचाही दाखवेल, असं समोरचा लगेच धरतो.

साधी व्हिजिटिंग कार्डं छापून घ्या: नाव, “क्यूसी केमिस्ट”, फोन, मेल, चिपळूण. वही, दोन पेन, चालायला सोपे बूट. रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारीने निघालात तर पहाटे दादरला उतरता येतं. तिथून लोकलने राम मंदिर स्थानक, तेच नेस्कोला जवळ. पोचल्यावर थोडं खाऊन आत जा, आतला वडापाव महाग असतो.

टप्पा ७: स्टॉलवर

दिवस आणि वेळ महत्त्वाची. पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन, पाहुणे, फोटो. शेवटच्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांचं लक्ष आवराआवरीकडे. मला विचाराल तर दुसऱ्या दिवशी दार उघडल्यापासून बारापर्यंतची वेळ उत्तम. तोवर खरेदीदारांची गर्दी नसते, आणि प्लँटवरून बोलावलेले टेक्निकल लोक बहुधा याच दिवशी आलेले असतात.

सुरुवात दुसऱ्या गठ्ठ्यापासून, म्हणजे यंत्रवाल्यांपासून करा. तोंड मोकळं होतं, आणि मिळालेली माहिती उत्पादकांच्या स्टॉलवर वापरता येते. संभाषण साधारण असं जातं:

“नमस्कार सर. मी चिपळूणहून आलेय, लोट्यातल्या एका युनिटमध्ये क्यूसीत आहे. आमच्याकडे तुमचं जुनं मॉडेल आहे. नवीनमध्ये ऑडिट ट्रेल कसा दिसतो ते बघता येईल का?”

“या ना. लोट्यात तर आमची बरीच इन्स्टॉलेशन्स आहेत.”

“हो का? लोट्याची सर्व्हिस कोण बघतं?”

“आमचे एक इंजिनिअर आहेत पनवेलचे. परवाच महाडला होते, नवी लॅब चालू होतेय तिकडे.”

झालं, हवं होतं ते आपोआप आलं. आता कंपनीचं नाव हावरटासारखं विचारू नका. कोणत्या ग्राहकाने काय घेतलं हे त्याने सांगू नये, आणि चांगला माणूस सांगणारही नाही. त्याऐवजी डेमो पूर्ण बघा, एखादा खरा प्रश्न विचारा, कार्ड द्या आणि म्हणा, “त्या सरांचा नंबर मिळेल का? माझं एपीआयकडे जायचं चाललंय, त्यांचा सल्ला घेईन म्हणते.” महाडात नवी लॅब कुणाची असू शकते हे टप्पा २ ची यादी सांगेल.

मग उत्पादकांचा स्टॉल. समोर ग्राहक बसलेला असेल तर पुढे निघून जा, नंतर या. मधे उभं राहून वाट बघितली तरी विक्रीत अडथळा होतो, आणि तोच चेहरा त्यांच्या लक्षात राहतो. मोकळा वेळ मिळाला की सुरुवात उत्पादनापासून करा. “तुमची महाडची एक्स्पान्शन कुठवर आली?” हा प्रश्न एका ट्रेनीच्या तोंडून आला की समोरचा माणूस सावरून बसतो. तो दोनच गोष्टी बोलेल. “तुला कसं माहीत गं?” असं विचारलं तर खरं सांगा, मंजुरीची फाइल सगळ्यांसाठी खुली आहे. नाहीतर म्हणेल, “प्लँटचे लोक आलेत आज, त्यांच्याशी बोल.”

प्लँटचं कुणी भेटलंच तर तीन मिनिटांत संपवा: तुमची ओळ, एक वर्षात काय केलं, आणि शेवटचा प्रश्न, “सर, क्यूसीसाठी अर्ज प्लँटवर कुणाच्या नावाने करू?” नाव आणि पद मिळालं की आभार मानून निघा. बायोडाटा त्यांनी मागितला तरच द्या.

*सावधान:* स्टॉलपासून थोडं लांब नेऊन “आमच्याकडे ओळख आहे, फॉर्मचे थोडे पैसे लागतील” म्हणणारा कुणी भेटला तर तिथेच सोडा. कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही, आणि ज्याला खरी ओळख असते तो कोपऱ्यात नेत नाही.

*तपासा:* प्रत्येक स्टॉलवरून निघाल्यावर दहा पावलांवर थांबून कार्डाच्या मागे दोन शब्द लिहा: कोण, काय म्हणाला, पुढे काय. संध्याकाळी सगळे निळ्या शर्टातले साहेब सारखेच आठवतात.

टप्पा ८: परिषदेचा हॉल

प्रदर्शनासोबतच्या परिषदेला बऱ्याचदा वेगळी फी असते आणि फ्रेशरसाठी ती बहुतेक वेळा परवडण्याजोगी नसते. मोफत टेक्निकल सेशन्स मात्र असतात, बरीचशी यंत्रवाल्यांचीच. विषय तुमच्या कामाचा असेल अशा एकाच सेशनला बसा. प्रश्न विचारायचा तर नाव-गाव सांगून एका वाक्यात विचारा. फायदा होतो तो नंतर चहाच्या टेबलावर: शेजारी बसलेला माणूस एखाद्या प्लँटचाच क्यूसीवाला निघतो आणि विषय आधीच तयार असतो. यापलीकडे या हॉलकडून फार अपेक्षा ठेवू नका.

टप्पा ९: परत आल्यावर दोन दिवसांत

इथे निम्मी मुलं गळतात. दमून घरी येतात, आठवडा जातो, आणि मग मेल गेलाच तर “डिअर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड” एवढाच.

मेल दोन दिवसांत, इंग्रजीत, पण इतकाच मजकूर: “मंगळवारी नेस्कोत आपल्या स्टॉलवर अमुक यांच्याशी बोलणं झालं. त्यांनी प्लँटवर आपल्याला लिहायला सांगितलं. मी एक वर्ष क्यूसीत आहे, एचपीएलसीवर अ‍ॅसे आणि रिलेटेड सबस्टन्सेस करते, चिपळूणला राहते, शिफ्ट चालेल. नव्या लॅबसाठी माणसं घेणार असाल तर चाचणीला यायला तयार आहे.” ज्याने नाव दिलं त्याला एका ओळीत कळवा, म्हणजे तिकडून फोन आला तर तो गोंधळणार नाही. स्थानिक राहणं हा मोठा मुद्दा आहे, तो लपवू नका. बाहेरून आलेली मुलं वर्षभरात निघून जातात हे प्रत्येक प्लँट एचआरचं दुखणं आहे.

अनुभव अजिबात नसेल तर नोकरीऐवजी अप्रेंटिसशिप मागा. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. “जागा नाही” म्हणणारा एचआर या वाक्यावर वही उघडतो, कारण तो आकडा त्याला भरायचाच असतो. पदवीधर असाल तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप ट्रेनिंग योजनेच्या पोर्टलवर आधी नोंदणी करून तो क्रमांक मेलमध्येच लिहा.

आठवड्याने एक फोन. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी दुसरा, आणि मग थांबा. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आठवड्यात फोन करू नका. तेव्हा एचआर रात्रपाळी कशी भरायची या विवंचनेत असतो.

आपल्या मुलीला सर्व्हिस इंजिनिअरने पंधरा दिवसांनी उत्तर दिलं असं समजा: लॅब तयार आहे, पण ‘कन्सेंट टू ऑपरेट’ अडकलंय. हा नकार नाही. तिने मंडळाच्या साइटवर ती नोंद बघत राहायची, आणि नोंद दिसली की त्याच दिवशी जुन्या मेललाच उत्तर देऊन पुन्हा लिहायचं, नवा मेल काढायचा नाही. आधीचं बोलणं खाली दिसलं पाहिजे.

बोलावणं आलं की जाण्याआधी फोनवर एक गोष्ट विचारून घ्या: नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर की कंत्राटदाराच्या? लॅब एकच, एप्रन एकच, पण पगार, पीएफची नोंद आणि पुढच्या बायोडाट्यावरचं कंपनीचं नाव वेगळं. कंत्राटदाराकडून असेल तरी जायला हरकत नाही, मात्र किती महिन्यांनी कंपनीत घेतात आणि गेल्या वर्षी कुणाला घेतलं, हे मुलाखतीत क्यूसी हेडलाच विचारा. एचआरपेक्षा त्याचं उत्तर खरं असतं.